बंदराला लागलेल्यांचं गीत: स्तोत्र १०७ चं एक वचन परिपाठात सांगताना

प्रश्न: नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये शिकवते. आमच्या परिपाठात अधूनमधून एखाद्या धर्मग्रंथातला छोटा उतारा घेतात. या वेळी बायबल माझ्या वाट्याला आलंय. मी स्तोत्र १०७ मधलं ३० वं वचन घेतलंय, समुद्र शांत होतो आणि खलाशी बंदराला लागतात ते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मुलं हिंदू, मुस्लिम, बौद्ध, दोन-तीन ख्रिस्ती. पाच मिनिटांत कसं समजावू? येशूने वादळ शांत केलं ती गोष्ट जोडली तर चालेल का?

उत्तर:

मॅडम, वेगवेगळ्या धर्मांची मुलं हा यातला त्यामानाने सोपा भाग आहे. त्याचं बघू नंतर. अवघड आहे ते वेगळंच. तुमच्यासमोर रांगेत बसलेल्या मुलांत एखादं असं असू शकतं, ज्याच्या घरातलं माणूस दर्यावर गेलं आणि परत आलं नाही. 'त्यांनी देवाला हाक मारली, देवाने वादळ थांबवलं, त्यांना बंदराला आणलं' एवढंच त्या पोराच्या कानावर पडलं, तर ते मनात काय हिशोब मांडेल? आमच्या माणसाने हाक मारली नव्हती का?

शहरातल्या शाळेत हा प्रश्न येत नाही. तिथे वादळ म्हणजे परीक्षा, मैत्रीतली भांडणं, असं काहीतरी धरून पुढे जाता येतं. आपल्याकडे तसं नाही. नोव्हेंबर २००९ मधलं फयान चक्रीवादळ रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कोळीवाड्यांतून अजून पुसलेलं नाही. तुमच्या शाळेतली मुलं तेव्हा जन्मलीही नसतील, पण घरातल्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो ती रोज बघतात. म्हणून हे वचन इथे बोलायचं तर आधी ते नेमकं काय म्हणतं आणि काय म्हणत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक हवं.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी ख्रिस्ती घरातला. नोकरीची बहुतेक वर्षं किनाऱ्यावरच्या शाळांत मराठी शिकवण्यात गेली, आणि परिपाठाची जबाबदारी कुणी घेत नाही म्हणून ती नेहमी माझ्या गळ्यात पडायची. हे वचन मी चर्चमध्येही समजावलंय आणि शाळेतही. दोन्हीकडे बोलणं वेगळं होतं, आणि ते तसंच असायला हवं.

आता वचनाकडे. ३० वं वचन एकटं उचलू नका. तीच बहुतेकांची पहिली चूक असते. २३ ते ३२ अशी दहा वचनं मिळून एक प्रसंग आहे. तो माझ्या शब्दांत सांगतो, छापील पाठ तुम्ही मराठी बायबलमधून घ्या. काही माणसं गलबतांतून समुद्रावर व्यापाराला निघतात. खोल पाण्यावर त्यांना देवाची कृत्यं दिसतात. मग वारा उठतो, लाटा उंच होतात, गलबत आभाळापर्यंत चढतं आणि खोल दरीत उतरतं. माणसांचे हातपाय गळतात. दारू प्यायल्यासारखी ती झोकांड्या खातात, आणि त्यांची सगळी अक्कल गुंग होते. तेव्हा ती देवाला हाक मारतात. वादळ शांत होतं, लाटा निवतात. पाणी निवांत झालं म्हणून त्यांना आनंद होतो, आणि देव त्यांना त्यांच्या मनातल्या बंदराला नेतो. हे झालं ३० वं वचन. त्यापुढे ३१ आणि ३२ मध्ये म्हटलंय की त्यांनी देवाचे आभार मानावेत, लोकांच्या सभेत आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकीत त्याची थोरवी सांगावी.

हा प्रसंग गीतातला चौथा आहे. त्याआधी तीन आहेत: वाळवंटात वाट चुकलेले भुकेले-तहानलेले लोक, अंधारात बेड्या घालून बसलेले कैदी, आणि अन्नाचाही तिटकारा येऊन मरणाच्या दारी पोहोचलेले आजारी. चौघांचा साचा एकच. संकट येतं, ते हाक मारतात, सुटका होते, आणि मग 'त्यांनी आभार मानावेत' हे पालुपद येतं. साचा इतका सारखा असल्यामुळेच जिथे फरक आहे तो डोळ्यात भरतो.

तो फरक असा. कैद्यांबद्दल गीत म्हणतं, त्यांनी देवाच्या शब्दांविरुद्ध बंड केलं होतं. आजाऱ्यांबद्दल म्हणतं, ते आपल्या वाकड्या वागण्यामुळे त्रासात पडले. वाळवंटातल्या वाटसरूंचा मात्र काही दोष सांगितलेला नाही. आणि खलाशांचाही नाही. ते आपल्या कामाला निघाले होते. बस्स. वादळ देवाच्या आज्ञेने उठलं असं २५ व्या वचनात आहे, पण शिक्षा म्हणून उठलं असं कुठेही नाही. तुमच्या भाषणाचा अर्धा भार या एका गोष्टीवर आहे. 'पाप केलं म्हणून दर्याने नेलं' असं बोलणारी माणसं प्रत्येक गावात असतात, सगळ्या धर्मांत असतात. निदान या गीतातून तसं काढता येत नाही, हे तुम्हाला ठामपणे सांगता येईल.

दुसरी गोष्ट, बोलतंय कोण? हे गीत जे परत आले त्यांचं आहे. सुरुवातीलाच, दुसऱ्या वचनात, ज्यांची सुटका झाली त्यांनी हे बोलावं असं म्हटलंय. म्हणजे ही साक्ष आहे, नियम नाही. बंदराला लागलेला माणूस 'मी हाक मारली आणि वाचलो' असं म्हणतो, तेव्हा तो स्वतःपुरतं खरं सांगत असतो. जो वाचला नाही त्याने हाक मारली नव्हती, असं तो म्हणत नाही. त्याला ते माहीतही नसतं. आणि न वाचलेल्यांच्या बाजूची गीतं याच पुस्तकात, म्हणजे स्तोत्रसंहितेत, आहेत. ६९ वं स्तोत्र पाणी गळ्याशी आलंय या आक्रोशाने सुरू होतं. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात सुटका येतच नाही. ज्यांनी ही १५० गीतं एकत्र बांधली, त्यांनी ८८ वं काढून टाकलं नाही. मला स्वतःला १०७ व्या गीतावर विश्वास ठेवता येतो तो बराचसा ८८ वं त्याच पुस्तकात आहे म्हणून. परिपाठात हे सगळं बोलायचं नाही, एवढा वेळ नसतो. पण एक वाक्य हवं: 'हे परत आलेल्यांचं गीत आहे, जे आले नाहीत त्यांच्यासाठी याच पुस्तकात दुःखाची गीतं आहेत.' या वाक्याला ज्या मुलाची गरज आहे, त्याला ते बरोबर ऐकू जातं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या मुलांसमोर तीच धरून बोलावं असं माझं मत आहे. गीताचा कल वादळाकडे कमी आणि बंदराला लागल्यानंतरच्या वागण्याकडे जास्त आहे. चारही प्रसंग आभाराच्या पालुपदापाशी येतात. आणि खलाशांना तर ते आभार चारचौघांत, सभेत उभं राहून मानायला सांगितलंय. वादळात देव कुणालाही आठवतो. पाय जमिनीला लागल्यावर आठवतो का, ही विचारणा आहे.

ज्यू परंपरेने हे अगदी शब्दशः घेतलं. तालमूद या त्यांच्या जुन्या ग्रंथात, बराखोत नावाच्या भागात, याच गीतावरून म्हटलंय की चौघांनी आभार मानले पाहिजेत: समुद्रप्रवास करून आलेला, वाळवंट पार करून आलेला, आजारातून उठलेला, आणि तुरुंगातून सुटलेला. त्या आभाराची एक ठरलेली छोटी प्रार्थना आहे आणि ती किमान दहा जणांसमोर म्हणायची असते. घरात एकट्याने पुटपुटून भागत नाही. ही पद्धत आजही चालू आहे. आणि मॅडम, हे कुठल्या तरी दूर देशाचं म्हणून सांगू नका. बेने इस्राएल म्हणजे आपल्याच कोकणातले, घरात मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळच्या नवगावपाशी आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही त्यांच्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा. तेलाच्या घाण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून आजूबाजूचे त्यांना शनवार तेली म्हणत. अलिबागला आणि रेवदंड्याला त्यांची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरं, अजून उभी आहेत. म्हणजे समुद्रातून वाचून किनाऱ्याला लागलेल्यांचं गीत म्हणणारी माणसं आपल्याच किनाऱ्यावर राहत आली आहेत. रत्नागिरीतल्या मुलांना हे सहसा माहीत नसतं. 'सर, खरंच?' असं विचारत ती मधल्या सुट्टीत मागे येतात.

मुस्लिम मुलांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. कुराणात, सूरह यूनुसच्या २२ आणि २३ व्या आयतींत, जवळजवळ हाच प्रसंग आहे. माणसं जहाजात असतात, वारा अनुकूल असतो, ती खूश असतात; मग वादळ येतं, चहूकडून लाटा उठतात, आता आपण घेरलो गेलो असं वाटतं, तेव्हा ती मनापासून अल्लाहला पुकारतात आणि वाचवलंस तर कृतज्ञ राहू असं म्हणतात. आणि वाचल्यावर जमिनीवर येऊन पुन्हा बंडखोरी करतात. स्तोत्रात आभार मानायला सांगितलंय, इथे आभार विसरणाऱ्यांना खडसावलंय. रोख मात्र एकाच जागी आहे, बंदराला लागल्यानंतरच्या क्षणावर. हे मला एका मुस्लिम सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये दाखवलं होतं, आणि तुम्हीही ते आधी तुमच्या एखाद्या मुस्लिम सहकाऱ्याकडून किंवा पालकांकडून नीट ऐकून घ्या. आयतींचे क्रमांक सांगून पांडित्य दाखवायची गरज नाही. 'कुराणातही असा प्रसंग आहे' हे एक वाक्य पुरे. मात्र 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य कृपा करून टाळा. ते खरं नाही, आणि आठवी-नववीच्या मुलांना ते खोटं आहे हे कळतं.

एखादा मुलगा 'म्हणजे जबूरच ना?' असं विचारेल. दाऊदला जबूर हा ग्रंथ दिला गेला असं मुसलमान मानतात. त्याला 'हो, पण आज बायबलमध्ये आहेत ती गीतं आणि जबूर एकच, असं मात्र सगळे मानत नाहीत' एवढं सांगा. तशीच एक चूक टाळा: हे गीत दावीद राजाने, म्हणजे त्याच दाऊदने, लिहिलं असं सांगू नका. ७३ स्तोत्रांच्या मथळ्यात दाविदाचं नाव आहे, १०७ व्याला कुणाचंच नाही.

हिंदू घरांतली मुलं, आणि खरं तर आपण सगळेच मराठी, समुद्र म्हटलं की भवसागराकडे वळतो. संसार हा सागर, देव नावाडी, पैलतीर म्हणजे मोक्ष. ती प्रतिमा मोठी आहे, पण इथे तिला थोडं बाजूला ठेवा. या गीतातलं पाणी खरं आहे, खारट आहे. बंदर याच जगातलं आहे, जिथे माल उतरवायचा आहे आणि घरी जायचं आहे. तांडेलाच्या पोराला समुद्राचं रूपक करून सांगायला गेलात तर तो मनातल्या मनात हसतो. त्याच्यासमोर समुद्र समुद्रच राहू द्या.

कुणीतरी 'हे म्हणजे नवस फेडण्यासारखं' असंही म्हणेल. जवळचं आहे, पण नवसात बोली आधी होते, तू हे कर मग मी ते करेन. या खलाशांनी आधी काहीच कबूल केलेलं नाही. त्यांचे आभार कशाचा मोबदला नाहीत. हा फरक मुलांना पटकन समजतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमची शाळा अनुदानित आहे म्हणता. राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणा मुलाला, पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणं वेगळं आणि धर्म शिकवणं वेगळं, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात मान्य केला आहे. तुमच्या कामापुरता याचा अर्थ साधा आहे. वचन वाचा, समजावा. पण मुलांकडून ते म्हणवून घेऊ नका, हात जोडायला लावू नका, शेवटी 'आमेन' नको. पालुपद सगळ्यांनी मागून म्हणायचं, असं या गीतात करण्याचा मोह फार होतो, कारण ते जमतं छान. चर्चमध्ये जरूर करा. परिपाठात तीच गोष्ट उपासना होऊन बसते. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल, तिथे रोज बायबल-वाचन होत असेल तर रिवाज निराळा असतो. तुमच्याकडे मुख्याध्यापकांना मजकूर आदल्या दिवशी दाखवलेला बरा. परवानगी लागते म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी एखाद्या पालकाचा फोन आला तर तो त्यांनाच घ्यावा लागतो.

दिवसही बघून घ्या. किनाऱ्यावर नुकताच अपघात झाला असेल किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलेला असेल, तर हे वचन पुढे ढकला. मी ऑगस्टमध्ये, बंदी उठून होड्या पुन्हा दर्यात लोटल्यावर, पण नारळी पौर्णिमेचा दिवस सोडून घ्यायचो. त्या सणाला त्याचं त्याचं बोलणं असतं.

पाच मिनिटं म्हणजे माईकवर, पटांगणात, सावकाश बोलताना फार तर साडेचारशे शब्द. मी सहसा ज्या घडणीने बोलायचो, तसा मजकूर खाली देतो. तुमच्या बोलीत फिरवून घ्या.

"आज आपण स्तोत्रसंहिता या पुस्तकातलं एक वचन ऐकणार आहोत. हे १५० गीतांचं पुस्तक आहे. ज्यू लोक ते वाचतात आणि ख्रिस्ती लोकही वाचतात. आजचं गीत दोन हजारांहून जास्त वर्षं जुनं आहे. त्यात चार प्रकारची माणसं येतात: वाळवंटात वाट चुकलेली, तुरुंगात पडलेली, आजारी पडलेली आणि समुद्रावर गेलेली. आपण चौथ्यांचं ऐकू, कारण समुद्र काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

"ही माणसं कामासाठी समुद्रावर गेली होती. त्यांनी काही वाईट केलं होतं असं गीत म्हणत नाही. आणि वारा सुटला. गलबत लाटेवर चढायचं आणि खाली आदळायचं. ती माणसं अडाणी नव्हती, समुद्र ओळखणारी होती. तरी एक वेळ अशी आली की त्यांना काही सुचेना. पाय ठरेनात. मग त्यांनी देवाला हाक मारली. पुढचं वचन ऐका."

(इथे वचन वाचायचं, एकदाच, सावकाश. वाचून झाल्यावर दहापर्यंत मनात मोजा.)

"वारा पडला, पाणी निवांत झालं, आणि ती माणसं हव्या त्या बंदराला लागली. गोष्ट इथे संपली असं वाटतं. पण गीत संपत नाही. ते म्हणतं, आता गावात जा, चार लोक जमतील तिथे उभे राहा आणि सांगा की आम्ही वाचलो, आमच्या एकट्याच्या बळावर नाही.

"ज्यू लोकांत आजही अशी रीत आहे. मोठ्या संकटातून सुटलेला माणूस दहा जणांसमोर उभा राहून आभार मानतो. अलिबागकडे मराठी बोलणारे ज्यू पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. त्यांचे पूर्वज गलबत फुटून आपल्या किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. कुराणातही वादळात सापडलेल्या जहाजाचा प्रसंग आहे. तिथे अशा माणसांबद्दल सांगितलंय, जी वादळात देवाला पुकारतात आणि जमिनीवर आली की विसरतात.

"एक गोष्ट लक्षात ठेवा. हे परत आलेल्या माणसांचं गीत आहे. जे परत आले नाहीत त्यांचा काही दोष होता असं ते म्हणत नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी याच पुस्तकात दुःखाची गीतं आहेत.

"तुम्ही देव मानत असाल, नसाल, वेगळ्या नावाने हाक मारत असाल. तरी एक विचार आज घरी घेऊन जा. मागच्या वेळी मी अडचणीत होतो तेव्हा कुणी कुणी मला बाहेर काढलं, आणि त्यातल्या कुणाला मी ते सांगायचं विसरलो?"

एवढंच. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम असा ठेवलाय की ज्याचा देवावर विश्वास आहे आणि ज्याचा नाही, दोघांनाही तो घेता येतो. बौद्ध घरांतल्या मुलांना 'देवाने वाचवलं' हे आपलं वाटत नाही. त्यांना या प्रश्नात जागा मिळते. गीताचं म्हणणं मात्र आपण पातळ केलेलं नाही. गीत देवाचेच आभार मानायला सांगतं, आणि आपण तसंच सांगितलं. मुलांनी ते मानलंच पाहिजे असं तेवढं म्हटलं नाही.

बोलताना दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं म्हणजे 'आपल्या शाळेतले ख्रिस्ती बंधू-भगिनी' असं म्हणणं. ते शब्द उच्चारताच सगळ्या माना वळून एकाच मुलीवर येऊन थांबतात. ती बिचारी खाली बघून बुटाच्या टोकाने माती उकरत बसते. कुणाच्याही धर्माकडे बोट जाईल असं बोलू नका, कौतुकानेसुद्धा. आणि त्या दोन-तीन ख्रिस्ती मुलांपैकी कुणाला वाचायला उभं करायचं असेल तर त्यांनी स्वतः हात वर केला तरच.

दुसरं, तात्पर्याची घाई. आपल्या परिपाठात बोधकथेनंतर 'यावरून आपल्याला काय बोध मिळतो?' असं विचारायची सवय लागलेली असते. तसं विचारलंत की पुढच्या रांगेतला हुशार मुलगा उठून सांगणार, 'देवाचं नाव घेतलं की संकट टळतं.' झालं, सगळ्यावर पाणी. म्हणून बोध विचारूच नका. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलांनाही हे आधी सांगून ठेवा.

बोलणं पोहोचलं की नाही हे तपासायचं असेल तर त्याच दिवशी तुमच्या तासाला सहज विचारा, 'ते लोक बंदराला लागल्यावर काय झालं?' 'त्यांनी गावात जाऊन सांगितलं' असं कुणी म्हणालं तर काम झालं. सगळे नुसते वादळाबद्दलच बोलायला लागले तर समजा की वर्णनात रंग जास्त भरला गेला. तसं झालं तर पुढच्या वेळी आभाळाला भिडणाऱ्या लाटा एका वाक्यात उरका. आणि एखाद्याने 'वादळात देवाला हाक मारली तर खरंच वाचतो का?' असं सरळ विचारलं, तर हो किंवा नाही यात अडकू नका. गीतातल्या खलाशांना वादळाची आधी काही खबर नव्हती. आपल्याकडे इशारा मिळतो, बावटा लागतो, आणि तो लागला असताना होडी काढायची नाही, हे आधी सांगा. मग म्हणा की वाचलेल्यांनी जे सांगितलं ते या गीतात आहे, बाकीचं मलाही सांगता येत नाही.

वचन शोधताना एक छोटी अडचण येऊ शकते. ख्रिस्ती मुलाच्या घरी कॅथलिकांचं जुनं पुस्तक असेल, तर हेच गीत १०६ या क्रमांकाखाली सापडेल. ग्रीक-लॅटिन परंपरेत क्रमांक एकाने मागे पडतात. गोंधळून जाऊ नका, 'गलबतांतून समुद्रावर' ही ओळ दिसली की तेच.

राहिला येशूच्या वादळाचा प्रश्न. माझं उत्तर, परिपाठात नको. ती गोष्ट मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी आहे, आणि ती लिहिणाऱ्याच्या मनात हे स्तोत्र असणार असं मानायला जागा आहे. होडीत पाणी भरतंय, शिष्य घाबरलेत, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय, त्याला उठवतात आणि तो वाऱ्याला गप्प करतो. पण ती गोष्ट 'हा आहे तरी कोण, की वारा आणि समुद्रही याचं ऐकतात?' या प्रश्नापाशी येऊन थांबते. त्याचं उत्तर देणं हे चर्चचं काम. तुम्ही ती जोडलीत की पाच मिनिटांचा विषय बदलला: आभाराचं गीत बाजूला पडलं आणि येशू कोण हा मुद्दा समोर आला. ज्यू जे आपलं गीत मानतात ते त्यांच्यापासून काढून घेतल्यासारखंही होतं. एखादा ख्रिस्ती मुलगा मागाहून येऊन तुम्हाला 'मॅडम, येशूची पण अशी गोष्ट आहे ना?' असं विचारेलच. त्याला 'आहे, मार्क ४, ३५ पासून वाच' असं सांगा, आणि वाटलं तर त्याच्याकडूनच ऐकून घ्या.